त्वचेखालची बटरफ्लाय लाइन: घरी सांभाळायची कशी आणि जादा डोस द्यायचा कसा

गोळी गिळता येईनाशी झाली की घरातले पहिला प्रश्न विचारतात, "सिस्टर, आता दुखण्याचं औषध कसं द्यायचं? सलाइन लावावी लागेल का?" बहुतेक वेळा लागत नाही. छातीवर, दंडावर किंवा मांडीवर त्वचेखालच्या चरबीच्या थरात एक बारीक सुई सरकवून ठेवली, की मॉर्फिन, उलटीचं औषध, घशातली घरघर कमी करणारं औषध, सगळं तिथून देता येतं. शीर शोधायची भानगड नाही आणि दर वेळी टोचायचंही नाही. हीच ती बटरफ्लाय. दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखे प्लास्टिकचे पंख, मध्ये सुई, मागे साधारण एक वीतभर बारीक नळी आणि नळीच्या टोकाला टोपी.

मी घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह रुग्णांची, म्हणजे गंभीर आजारात ज्यांचं दुखणं आणि त्रास कमी ठेवायचा असतो अशांची, शुश्रूषा करते. सुई टोचणं आमचं काम, ते घरच्यांनी करायचं नसतं. पण एकदा ती बसली की पुढच्या वेळी आम्ही येईपर्यंत तिच्यातून औषध देणारे हात घरातलेच असतात. पहिला डोस तुम्ही आमच्यासमोर दिलेला असेल आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद भिंतीला किंवा फ्रिजला चिकटवलेला असेल, असं धरून पुढचं लिहिते. इथे येणारे आकडे एका विशिष्ट रुग्णाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या कागदावरचेच.

ही सुई शिरेत नाही

हे मोठ्या अक्षरात पट्टीवर लिहून नळीला चिकटवा: "त्वचेखाली. शिरेत नाही." कारण सांगते. एका घरी रात्री नळीतून औषध जाईना म्हणून शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्याने सिरिंज जोडून मागे ओढून पाहिलं, रक्त आलं नाही, म्हणून "लाइन बंद झालीय" असं सांगून सुई काढून टाकली. लाइन ठणठणीत होती, नुसती नळी उशीखाली दुमडली होती. शिरेतल्या सुईत रक्त येणं ही चांगली खूण. इथे बरोबर उलटं आहे. नळीत रक्त दिसलं तर सुईच्या टोकाने बारीक रक्तवाहिनी दुखावली आहे. तिथून औषध ढकलायचं नाही, आम्हाला फोन करायचा.

याच कारणाने हवेच्या बारीकशा बुडबुड्याला घाबरू नका. त्वचेखाली तो निरुपद्रवी असतो. तरीही सिरिंजमधली हवा काढायचीच, पण ती काढायची डोस बरोबर भरावा म्हणून. बुडबुड्याने जितकी जागा अडवली, तितकं औषध कमी.

रोज पाहायचं काय

सुईवर पारदर्शक ड्रेसिंग लावलेलं असतं, ते पाहण्यासाठीच. दिवसातून निदान एकदा आणि प्रत्येक डोसच्या आधी, दिवा लावून नीट पाहा. मग बोटाच्या पेराने ड्रेसिंगवरूनच हलकं चाचपा. त्वचा मऊ आणि आजूबाजूच्या रंगाची असेल तर ठीक. लाल झाली आहे, गरम लागते, आत सुपारीसारखी गाठ लागते, ड्रेसिंगखाली ओल दिसते किंवा रुग्ण हात लावू देत नाही, यातलं एकही असेल तर त्या जागेचं आयुष्य संपलं. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त भरवसा ठेवा. औषध दिल्यावर लगेच सुईच्या टोकापाशी थोडा उंचवटा येतो, तो मात्र काळजीचा नाही. थोड्या वेळात तो आपोआप जिरतो. चोळू नका, शेकूही नका.

धातूची सुई साधारण तीन ते सात दिवस टिकते. मात्र तारखेपेक्षा त्वचा काय सांगते ते महत्त्वाचं. काही जागा दुसऱ्याच दिवशी कडक होतात. नवी सुई आम्ही जुन्या जागेपासून लांब, शक्यतो दुसऱ्या बाजूला लावतो. सूज आलेल्या हातापायात, पाणी भरलेल्या पोटावर, रेडिएशन दिलेल्या त्वचेवर किंवा गाठीजवळ लावत नाही, कारण तिथून औषध नीट शोषलं जात नाही. रुग्ण भ्रमात असेल आणि हाताला लागेल ते ओढत असेल, तर पाठीवर खांद्याच्या फऱ्यापाशी लावतो, म्हणजे त्याचा हात तिथवर पोचत नाही.

लाइन निखळण्याची कारणं बहुतेक वेळा घरगुतीच असतात. छातीवरच्या लाइनमध्ये मंगळसूत्र किंवा तुळशीची माळ अडकते. कूस बदलताना चादरीसोबत नळी ओढली जाते. अंग पुसताना ड्रेसिंगची कड ओली होऊन सुटते. म्हणून नळीचा एक सैल वेढा करून तो वेगळ्या चिकटपट्टीने त्वचेला लावलेला असतो. झटका बसलाच तर तो वेढ्याला बसावा, सुईला नाही. माळ गळ्यात असणं रुग्णाला हवं असेल तर ती काढायला लावू नका, लाइन दंडावर घ्यायला सांगा. पुढून बटणं असलेला सदरा किंवा गाउन घाला. लाइनच्या आसपास तेल, पावडर, बाम लावायचा नाही, ड्रेसिंग तिथे चिकटतच नाही.

शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी तोंडावर असेल, तर दुसऱ्या बाजूला एक जादा बटरफ्लाय लावून ठेवा अशी मागणी तुम्हीच करा. एक बिघडली तर रात्र निभावते.

आकडे एकदाच, पण नीट

एका घरातल्या अप्पांचं उदाहरण घेते. अन्ननलिकेचा कॅन्सर. तोंडाने मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला सहा गोळ्या, 60 मिलिग्रॅम. गिळणं थांबलं तेव्हा डॉक्टरांनी निम्मं केलं, दिवसाला 30 मिलिग्रॅम. त्वचेखाली दिलेलं औषध यकृताचा पहिला टप्पा चुकवून थेट रक्तात जातं, म्हणून कमी पुरतं. घरच्यांना "औषध कमी केलं" असं वाटतं, ते तसं नाही. त्या 30 चे सहा भाग, म्हणजे दर चार तासांनी 5 मिलिग्रॅम. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10 आणि 2. शिवाय या दोन वेळांच्या मध्ये दुखणं उसळलं तर जादा डोस, इंग्रजीत ज्याला ब्रेकथ्रू म्हणतात तो. तोही दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग, 5 मिलिग्रॅम. अप्पांच्या कागदावर लिहिलं होतं की एका जादा डोसनंतर एक तासाने गरज असेल तर दुसरा चालेल आणि चोवीस तासांत तिसरा लागला तर फोन करावा.

आता मिलिग्रॅमवरून मिलिलिटरवर यायचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अप्पांच्या घरी आलेल्या अँप्यूलवर लिहिलं होतं 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. म्हणजे 5 मिलिग्रॅमला 0.5 मिलिलिटर. पण मॉर्फिनच्या 1 मिलिलिटरच्या अँप्यूल 15 मिलिग्रॅमच्याही येतात आणि दिसायला तशाच असतात. खोका संपून नवा आला, हात सवयीने 0.5 वर थांबला, तर गेलं साडेसात. म्हणून प्रत्येक नव्या खोक्याच्या वेळी अँप्यूलवरचा आकडा मोठ्याने वाचा आणि बदललेला दिसला तर भरण्याआधी आम्हाला विचारा.

दुसरा सापळा इन्शुलिनच्या सिरिंजचा. घरात मधुमेही असेल तर ती हाताशी असते. तिच्यावर मिलिलिटर नसतात, युनिट असतात. आपल्याकडे 40 युनिटवाल्या सिरिंजमध्ये 40 म्हणजे 1 मिलिलिटर. "पाच द्यायचंय" म्हणून कुणी 5 च्या रेघेपर्यंत भरलं तर ते झालं 0.125 मिलिलिटर, म्हणजे सव्वा मिलिग्रॅम, हव्या त्याच्या पावपट. रुग्ण रात्रभर कण्हत राहतो आणि वहीत मात्र "5 दिले" असं लिहिलेलं असतं. आम्ही देतो ती 1 मिलिलिटरची, दशांशाच्या रेघा असलेली सिरिंजच वापरा.

डोस नळीतच अडकतो

जे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते हे. सुईमागच्या त्या नळीच्या पोकळीतच साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर मावतं. तुमचा डोस आहे 0.5. नळीत आधीपासून सलाइन भरलेलं असेल तर तुम्ही अर्धा मिलिलिटर मॉर्फिन ढकलता तेव्हा आधी ते सलाइन त्वचेखाली जातं, त्याच्यामागून थोडंसं मॉर्फिन पोचतं आणि उरलेलं बरंचसं नळीतच उभं राहतं. सिरिंज रिकामी झालेली दिसते. तुम्ही वहीत लिहिता. रुग्णाला काहीच फरक पडत नाही. चार तासांनी पुढचा डोस ढकलता तेव्हा मागचा आत जातो. म्हणजे प्रत्येक डोस एक पाळी उशिरा पोचतो.

ठरलेल्या डोसमध्ये ही चूक कधीकधी दिवसभर कळतच नाही, कारण पुढचा डोस मागच्याला ढकलतच असतो. जादा डोसमध्ये मात्र ती लगेच टोचते, कारण तो आत्ताच पोचायला हवा असतो. म्हणून औषधामागून नेहमी 0.5 मिलिलिटर नॉर्मल सलाइन ढकलायचं. याला आम्ही फ्लश म्हणतो. औषध दिलं असं फ्लश झाल्यावरच म्हणायचं.

दोन वेगवेगळी औषधं एकामागून एक द्यायची असतील तर मध्येही फ्लश हवा. नाहीतर ती नळीत एकत्र येतात आणि काही जोड्यांचा गढूळ चोथा होतो. नळीत पांढरट कण किंवा ढगासारखं काही दिसलं तर तिथेच थांबा.

रात्री तीन वीसचा डोस

अप्पांची सून पहिल्या रात्री कशी चुकली आणि दुसऱ्या रात्री तिने काय केलं, ते सांगते. पहिल्या रात्री तिने औषध दिलं, फ्लश विसरली, अर्ध्या तासाने दुखणं तसंच, म्हणून घाबरून मला फोन केला. दुसऱ्या रात्री दोनचा ठरलेला डोस देऊन ती झोपली होती. तीन वीसला अप्पांनी हाक मारली, "सूनबाई, पाठीत परत आलं गं."

आधी तिने विचारलं, दहापैकी किती. अप्पा म्हणाले आठ. बोलता न येणाऱ्या रुग्णाचं कपाळ बघायचं, मुठी बघायच्या, कूस बदलताना कण्हतो का ते बघायचं. मग तिने एक गोष्ट केली जी बरेच जण विसरतात: पांघरूण काढून पोट चाचपलं, लघवीची नळी दुमडली नाही ना ते पाहिलं. लघवी तुंबली तरी माणूस असाच तळमळतो, आणि त्यावर मॉर्फिन हा उपाय नाही. तसं काही नव्हतं.

साबणाने हात धुतले, कोरडे केले. ताटात स्वच्छ रुमाल अंथरून सामान मांडलं: अँप्यूल, सलाइन, दोन सिरिंज, भरायची सुई, स्पिरिटचा स्वॅब. कागद वाचला, अँप्यूल वाचली, मुलाला उठवून त्यालाही वाचायला लावली. रात्री तीन वाजता एकट्या डोळ्यांवर विसंबू नये. अँप्यूलच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणलं, मानेवरचा ठिपका स्वतःकडे ठेवून, गॉझमध्ये धरून मान बाहेरच्या बाजूला मोडली. एका सिरिंजमध्ये 0.5 मॉर्फिन, दुसरीत 0.5 सलाइन. हवा काढली. भरायची सुई काढून टाकली, कारण टोपीला सिरिंज तशीच जोडायची असते.

मग लाइनची जागा पाहिली आणि चाचपली. मऊ होती. टोपी स्वॅबने पंधरा सेकंद घासली आणि फुंकर न मारता वाळू दिली. फुंकर म्हणजे तोंडातले जंतू. सिरिंज जोडून सावकाश ढकललं, मिनिटभर घेतलं. घाईने ढकललं तर जागेवर आग होते आणि रुग्ण पुढच्या वेळी हात आखडून घेतो. मग सलाइन, तितक्याच सावकाश. ढकलताना दट्ट्या अडला तर जोर लावायचा नाही. आधी नळी कुठे दुमडली आहे का, नळीवरचा चिमटा बंद राहिला आहे का ते पाहायचं. दोन्ही ठीक असूनही अडत असेल तर जागा गेली.

वहीत लिहिलं: 3.25, जादा, मॉर्फिन 5 मिग्रॅ, 0.5 मिली, दुखणं 8. अँप्यूलमधलं उरलेलं अर्धं औषध पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. आम्ही सांगितल्याप्रमाणे तिने ते कापसावर ओतून सुयांच्या डब्यात टाकलं आणि "0.5 वाया" असंही लिहिलं. सुया आणि काचा जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत, कचऱ्यात नाही.

त्वचेखालचं औषध पंधरा-वीस मिनिटांत जाणवू लागतं, अर्ध्या तासात बऱ्यापैकी चढतं. 3.55 ला अप्पा म्हणाले चार. चारला झोप लागली. समजा अजून आठच असतं, तर दुसरा डोस 4.25 नंतर, त्याआधी नाही.

सहा वाजता प्रश्न आला: "आत्ताच जादा दिलाय, आता सहाचा देऊ का नको?" द्यायचा. जादा डोस ठरलेल्या डोसची जागा घेत नाही. सहाचा चुकवला तर आठला पुन्हा तीच उसळी. आणि रुग्ण शांत झोपलेला असेल तर त्याला उठवायचंही कारण नाही, लाइनचा फायदाच तो.

त्या चोवीस तासांत अप्पांना तीन जादा डोस लागले, म्हणून तिने फोन केला. डॉक्टरांनी वहीतूनच हिशोब केला: ठरलेले 30 अधिक जादा 15, एकूण 45. नवा ठरलेला डोस 7.5 मिलिग्रॅम, म्हणजे त्या अँप्यूलमधून 0.75 मिलिलिटर. जादा डोसही 7.5 झाला, कारण तो नव्या मात्रेचा सहावा भाग. ठरलेला वाढवून जादा जुनाच ठेवला तर तो पुरत नाही. हा बदल डॉक्टरच करतात, पण वही खरी नसेल तर त्यांच्याकडे हिशोबाला काहीच नसतं. फक्त अंग पुसताना किंवा कूस बदलताना दुखत असेल तर तेही वहीत लिहा. तेव्हा मात्रा वाढवण्यापेक्षा अंग पुसायच्या अर्धा तास आधी जादा डोस द्यायला डॉक्टर सांगतात.

औषध की लाइन, कुणाचा दोष?

जादा डोस उपयोगी पडला नाही तर लगेच "आजार वाढला" असं धरू नका. कालपर्यंत हाच डोस पुरत होता आणि आज अचानक लागोपाठ दोन फुकट गेले, तर आधी संशय लाइनवर घ्या. ड्रेसिंगखाली ओल आहे का? गाठ लागते का? सुई त्वचेबाहेर सरकून नुसती ड्रेसिंगखाली पडली आहे का? असं झालं तर औषध ड्रेसिंगमध्ये झिरपतं आणि बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. आधी गेलेला डोस किती आत पोचला हे सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या लाइनमधून स्वतःहून पुन्हा देऊ नका. फोन करा, आम्ही अंदाज घेऊन सांगतो.

उलट बाजूची खूणही ओळखून ठेवा. हाक मारून, खांदा हलवूनही डोळे उघडत नाहीत आणि श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, तर पुढचा डोस थांबवून ताबडतोब फोन करायचा. हातापायांना सारखे बारीक झटके येत असतील तर तेही कळवायचं. शेवटच्या तासांत श्वास मुळातच अडखळतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. तेव्हा काय चाललंय हे फोनवर वर्णन करा, आम्ही मिळून ठरवू. एखाद्याच्या नशिबी शेवटचा डोस आणि शेवटचा श्वास जवळजवळ येतात. कुणीतरी नातेवाईक नंतर म्हणतो, "इंजेक्शन दिलं आणि गेले." लिहून दिलेली मात्रा, लिहून दिलेल्या वेळी दिली असेल, तर माणूस आजाराने गेलेला असतो. त्याच्या शेजारी वही उघडी ठेवलेली असली की हे बोलणं बहुधा तिथेच थांबतं.

गेल्यावर लाइन घाईने उपटू नका, आम्ही येऊन काढतो. मॉर्फिन कायद्याने नियंत्रित औषध आहे, मान्यताप्राप्त संस्थेच्या नोंदीतूनच घरी येतं. उरलेल्या अँप्यूल शेजारच्या गरजू रुग्णाला देण्याचा मोह होतो, तसं करू नका. वहीतले डोस आणि उरलेल्या अँप्यूल यांचा मेळ लावायचा, दोघांनी सह्या करायच्या, आणि अँप्यूल, वही, सुयांची बरणी एका पिशवीत घालून परत करायची.